अनामतीचे एक कलम, सोप्या मराठीत

पुण्यात कोथरूडमधल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हा करार. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, राहायला साताऱ्यात. घर घेणारे नोकरी करणारे तरुण जोडपे, सोबत चार वर्षांची मुलगी. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, महिन्याला ₹२२,००० आणि अनामत ₹१,००,०००. एजंटाने नेहमीचा मसुदा पाठवला, जोडप्याने बाकी सगळ्याला होकार दिला आणि नवव्या कलमापाशी अडले. आधीच्या भाडेकरूंशी याच कलमावरून बाईंचा वाद झाला होता. रंगासाठी त्यांनी मोठी रक्कम कापली होती आणि ते भाडेकरू भांडून गेले होते. त्यामुळे कलम बदलायला बाईही तयार होत्या. हे कलम सोप्या मराठीत लिहून देण्यासाठी कागद माझ्याकडे आला तो असा :

«सदरहू अनामत रक्कम ही बिनव्याजी व परतावायोग्य असून सदर कराराची मुदत संपुष्टात आल्यानंतर अगर तत्पूर्वी कोणत्याही कारणाने करार रद्दबातल झाल्यास लिहून घेणार यांनी सदर मिळकतीचा खुला, रिकामा व शांततापूर्ण ताबा लिहून देणार यांस दिल्यानंतर वीज, पाणी, गॅस, सोसायटी व इतर तत्सम देणी तसेच सदर मिळकतीस अगर तीमधील वस्तूंस झालेल्या नुकसानीची, नैसर्गिक झीज वगळता, लिहून देणार यांस योग्य वाटेल अशी भरपाई वजा जाता उर्वरित रक्कम लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस परत करावयाची असून त्याबाबत लिहून घेणार यांची कोणतीही तक्रार अगर हरकत चालणार नाही.»

सगळे कलम म्हणजे एकच वाक्य. पण वाक्याची लांबी हा त्यातला सर्वात लहान दोष आहे. मी दोघांनाही वेगवेगळे बसवून एवढेच विचारले, की या कलमाप्रमाणे पैसे कधी आणि किती परत मिळतात. बाई म्हणाल्या, «घर रिकामं झालं की मी साताऱ्याहून येऊन बघणार, काय खर्च येतो तो काढणार, मग उरलेले देणार. महिना-दीड महिना लागतोच.» जोडप्यातला तरुण म्हणाला, «किल्ल्या दिल्या की त्याच दिवशी पैसे. काकूंच्या हातात किल्ली, माझ्या खात्यात रक्कम.» दोघेही प्रामाणिक होते आणि कलमात दोन्ही अर्थ बसत होते, कारण त्यात फक्त «दिल्यानंतर» आहे. नंतर म्हणजे तासाभराने की तीन महिन्यांनी, हे कुणी ठरवलेलेच नव्हते. जड भाषेत हे झाकून जाते. वाचणाऱ्याला वाटते, इतके शब्द आहेत त्या अर्थी सगळे लिहिलेले असणार.

म्हणून मी पहिल्यांदा शब्दांना हात लावला नाही. वाक्यातली प्रत्येक क्रिया वेगळी काढली आणि तिच्यापुढे चार प्रश्न लिहिले : कोणी करायची, कधीपर्यंत, किती, आणि नाही केली तर काय. ताबा देणे, घर तपासणे, कपात ठरवणे, पैसे परत करणे अशा चार क्रिया निघाल्या. चार क्रियांचे सोळा चौकोन झाले आणि त्यांतले बहुतेक रिकामे राहिले. तपासणी कोणी करायची याचा तर कलमात उल्लेखच नव्हता. पैसे परत केले नाहीत तर काय, तेही नव्हते. भरलेला एकच ठळक चौकोन होता, कपात किती : मालकाला «योग्य वाटेल» तितकी.

या चौकोनाचे आणि शेवटच्या «हरकत चालणार नाही»चे कायद्यात वजन किती, हे बाईंना सांगणे भाग होते, कारण त्यांना तेच दोन शब्दप्रयोग आपले संरक्षण वाटत होते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २८ प्रमाणे, एखाद्याला आपला हक्क न्यायालयात मागायलाच पूर्ण मनाई करणारी अट तेवढ्यापुरती रद्द ठरते. भरपाईचेही तसेच. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, आणि लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुकसान झालेच नसेल तर या कलमाखाली भरपाई नाही. मग «योग्य वाटेल» या शब्दांनी बाईंना काय मिळत होते? वाद टळत नव्हता, उलट समोरच्याला पहिल्या दिवसापासून संशय येत होता. हे ऐकल्यावर ते दोन शब्दप्रयोग काढायला त्यांनी हरकत घेतली नाही.

जोडप्याने स्वतःचा सोपा मसुदाही आणला होता : «घर सोडल्यावर अनामत लगेच परत मिळेल. काही मोडले असेल तर त्याचे पैसे कापले जातील.» वाचायला छान, आणि जुन्या कलमाइतकाच निसरडा. «घर सोडल्यावर» म्हणजे सामान गेले तेव्हा, की किल्ली दिली तेव्हा? टेम्पो शनिवारी गेला आणि किल्ली पुढच्या गुरुवारी दिली, तर मधल्या दिवसांचे पैसे कोणाचे? «परत मिळेल» म्हटले, पण कोणाकडून, ते नाही. «मोडले» म्हटले की गिझर येतो, पण भिंतीवरचे रंगखडूचे डाग येत नाहीत. आणि «लगेच» मोजता येत नाही. शब्द सोपे केले आणि निर्णय तसेच न घेतलेले ठेवले, तर हाती येते ते असे. लोक सोप्या भाषेला घाबरतात ते अशा मसुद्यांमुळे, आणि त्यात त्यांची चूक नाही.

काही जुने शब्द मात्र मी ठेवले, आणि ते का, हे दोघांना समजावून सांगितले. सगळेजण बोलताना भाडे आणि भाडेकरू म्हणतात. मी कागदावर «परवाना शुल्क» आणि «परवानाधारक» ठेवले. भाडेपट्ट्यात घरातला हक्क काही काळासाठी दुसऱ्याकडे जातो. परवान्यात फक्त वापराची परवानगी मिळते, आणि त्याची व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या घराचा परवाना संपला की मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो, आणि परवानाधारक तरीही राहिला तर परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ही वाट परवान्याची आहे. नुसत्या नावावरून परवाना की भाडेपट्टा हे ठरत नाही, न्यायालय व्यवहाराचे खरे स्वरूप बघते, हे १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्सच्या निकालापासून पक्के आहे. पण सोपेपणासाठी आपणच कागदावर भाडेकरू लिहून शंकेला जागा करून देण्यात काही शहाणपण नाही. «लिहून देणार» आणि «लिहून घेणार» मात्र मी काढले. या दोघांत नेहमी गोंधळ होतो, आणि कोणताही कायदा त्या शब्दांवर अवलंबून नाही. «लिहून देणार»ऐवजी सरळ «मालक» लिहिले आणि पहिल्याच पानावर मालक म्हणजे परवाना देणारी व्यक्ती अशी व्याख्या घातली.

«ताबा» हा शब्दही ठेवला, पण «खुला, रिकामा व शांततापूर्ण» ही माळ काढून ताबा कधी दिला असे धरायचे ते लिहिले. इथे चर्चा बराच वेळ चालली. तरुणाला हवे होते, की अनामत मिळेपर्यंत घर न सोडण्याचा हक्क कलमात असावा. बाईंना हवे होते, की आधी किल्ली आणि मग बाकीचे. भाड्याच्या व्यवहारातली नेहमीची कोंडी हीच. मी तरुणाला सांगितले, की मुदत संपल्यावर घर अडवून बसलात तर कलम २४ ची दुप्पट भरपाई तुमच्या डोक्यावर येऊ शकते, महिन्याला ₹४४,०००. एक लाखासाठी तो धोका पत्करू नका. बाईंना सांगितले, की सगळी अनामत तुमच्याकडे आणि किल्लीही तुमच्याकडे, मग समोरच्याकडे विश्वासाखेरीज काय उरते? शेवटी रक्कम दोन भागांत तोडायची ठरली. किल्ली देतानाच ₹८०,००० आणि उरलेले ₹२०,००० तपासून, सात दिवसांत. ही गोष्ट भाषेची नव्हती, सौद्याची होती. पण कलम उलगडून लिहायला घेतले नसते, तर हा सौदा करायचा राहिलाच आहे हे कुणाच्या लक्षातही आले नसते.

दुसरा लांबलेला मुद्दा रंगाचा. «नैसर्गिक झीज वगळता» हे शब्द ऐकायला पुरेसे वाटतात. भाडेपट्ट्यांसाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येही वाजवी वापराने होणारी झीज वगळलेली आहे. पण फिकट झालेली भिंत झिजेत येते आणि रंगखडूने रंगलेली भिंत नुकसानीत, एवढे मान्य झाले तरी प्रश्न राहतो : नुकसान किती रुपयांचे? पूर्ण भिंत रंगवून घेतली तर मालकाला नवा रंग मिळतो आणि त्याचे सगळे पैसे जाणारा देतो. रंग करार सुरू होण्याआधी नुकताच दिलेला होता. दोघांनी मिळून रंगाचे आयुष्य ४८ महिने धरले. ही संख्या कायद्यातली नाही. दुसऱ्या घरात दुसरी असेल, पण संख्या कागदावर आली की भांडण आकडेमोडीपुरतेच उरते.

हे सगळे ठरल्यावर लिहिलेले कलम असे :

«कलम ९ : अनामत परत करणे

९.१ परवानाधारकांनी मालकांना ₹१,००,००० अनामत दिली आहे. या रकमेवर व्याज नाही. अपवाद फक्त ९.८ मधला.

९.२ पुढील तिन्ही गोष्टी पूर्ण होतील तो "ताब्याचा दिवस" : (क) राहणारी सर्व माणसे घर सोडून गेली आहेत, (ख) परवानाधारकांचे सर्व सामान हलवले आहे, (ग) घराच्या सर्व किल्ल्या मालकांना किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या व्यक्तीला दिल्या आहेत.

९.३ ताब्याच्या दिवसाआधीच्या ७ दिवसांत मालक (किंवा त्यांनी लेखी नेमलेली व्यक्ती) आणि परवानाधारक मिळून घर पाहतील. परिशिष्ट १ मधील वस्तूंची यादी व फोटो यांच्याशी ताडून नुकसानीची यादी करतील आणि दोघे तिच्यावर सही करतील. परवानाधारकांनी ३ दिवस आधी लेखी कळवूनही मालकांकडून कोणी आले नाही, तर परवानाधारक तारखेसह फोटो काढून मालकांना पाठवतील आणि घराची त्या दिवशीची स्थिती त्या फोटोंवरून ठरवली जाईल.

९.४ अनामतीतून फक्त या तीन गोष्टींचे पैसे कापता येतील : (क) थकलेले परवाना शुल्क, (ख) ताब्याच्या दिवसापर्यंतच्या वापराचे वीज, पाणी व गॅस यांचे पैसे, (ग) परवानाधारकांच्या राहण्याच्या काळात घराचे किंवा परिशिष्ट १ मधील वस्तूंचे झालेले नुकसान. नेहमीच्या वापराने होणारी झीज हे नुकसान नाही.

९.५ नुकसानीची रक्कम म्हणजे दुरुस्तीचा खर्च किंवा वस्तूची ताब्याच्या दिवशीची किंमत, यांपैकी कमी असेल ती. भिंतींच्या रंगाचे आयुष्य करार सुरू झाल्यापासून ४८ महिने धरले जाईल. खराब झालेली भिंत रंगवण्याच्या खर्चापैकी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात येणारा भागच कापता येईल.

९.६ मालक ताब्याच्या दिवशी, किल्ल्या घेतानाच, ₹८०,००० परवानाधारकांच्या बँक खात्यात भरतील. दोघांनी सही करून मान्य केलेली कपात ₹२०,००० पेक्षा जास्त असेल, तर जास्तीची रक्कम या ₹८०,००० मधून वजा होईल.

९.७ उरलेली रक्कम मालक ताब्याचा दिवस सोडून पुढच्या ७ दिवसांत देतील आणि सोबत प्रत्येक कपातीचा हिशोब व बिल देतील. शेवटचे वीजबिल आलेले नसेल, तर त्यासाठी मालक ₹३,००० पर्यंत रक्कम जास्तीत जास्त ४५ दिवस राखून ठेवू शकतात.

९.८ मालकांनी वरील मुदतीत रक्कम दिली नाही, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रक्कम मिळेपर्यंत तिच्यावर वर्षाला १२ टक्के दराने साधे व्याज द्यावे लागेल. एखाद्या कपातीबद्दल वाद असला तरी बाकीची रक्कम मुदतीतच द्यायची आहे. ती रक्कम घेतल्याने परवानाधारकांचा कपातीवरचा आक्षेप संपत नाही. अनामत मिळाली नाही या कारणाने परवानाधारक मुदतीनंतर घरात राहणार नाहीत.»

शब्द वाढले, हे पाहून एजंट नाराज झाला. वाढणारच. आधी न घेतलेले निर्णय आता लिहिलेले आहेत. मोजायचेच असेल तर वाक्ये मोजावीत. बहुतेक वाक्यांत करणारा आहे, आणि जिथे मुदत आहे तिथे ती कोणत्या दिवसापासून मोजायची तेही आहे. «ताब्याचा दिवस सोडून» हे शब्द मुद्दाम घातले. सर्वसाधारण खंड अधिनियमात कायद्यांच्या अर्थासाठी पहिला दिवस सोडून मोजण्याची पद्धत आहे, पण घरगुती करार वाचणाऱ्याला ती माहीत असेल असे धरू नये.

सही करण्याआधी मी कलमाची एक परीक्षा घेतली. बाई आणि जोडपे यांना कागद पुढे ठेवून घटना सांगितल्या आणि बोट ठेवून उत्तर शोधायला लावले. टेम्पो शनिवारी गेला, किल्ली गुरुवारी दिली : ताब्याचा दिवस गुरुवार, बोट ९.२ वर. बाई आजारी आहेत, येऊ शकत नाहीत : ९.३, पुतण्याला लेखी नेमायचे. जुना गिझर बंद पडला : ९.५, नव्या गिझरची किंमत नाही, दुरुस्ती किंवा आजची किंमत यांतले कमी ते. एका प्रश्नावर दोघांची बोटे वेगळ्या ठिकाणी गेली. पहिल्या मसुद्यात ९.४ मध्ये सोसायटीची देणी होती. बाईंच्या मनात मेंटेनन्स स्वतःच भरायचा होता आणि तिथे त्यांना दंड अभिप्रेत होता, उदाहरणार्थ चुकीच्या जागी गाडी लावल्याचा. जोडप्याला वाटले, मेंटेनन्स आपल्यावर येतो. तो शब्द काढला आणि मेंटेनन्सचे वेगळे वाक्य परवाना शुल्काच्या कलमात गेले. अशी परीक्षा घेतली नसती, तर माझ्या वाचनात ते कधीच खटकले नसते. मला तिथे एकच अर्थ दिसत होता.

नोंदणीची बाजू थोडक्यात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेला असणे ही मालकाची जबाबदारी आहे. ऑनलाइन नोंदणीत नमुन्यातली कलमे तयार असतात आणि आपल्या जादा अटी वेगळ्या घालता येतात. नमुन्यातही अनामतीबद्दल मजकूर असतो, म्हणून जादा अटींच्या सुरुवातीला लिहिले : «अनामतीबाबत इतर कोणत्याही कलमात याहून वेगळे असेल, तर कलम ९ लागू होईल.» हे वाक्य विसरले की चांगले कलमही दुसऱ्या कलमाशी भांडत बसते. कलम २४ खाली लेखी परवाना करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून तोंडी ठरलेले काही मागे ठेवायचे नाही, हेही दोघांना बजावले.

अकरा महिन्यांनी जोडपे दुसऱ्या शहरात गेले. तपासणीला बाईंचा पुतण्या आला. हॉलच्या एका भिंतीवर मुलीने रंगखडूने चित्रे काढली होती, आणि स्वयंपाकघरातला नळ गळत होता. भिंत रंगवायला ₹४,८०० लागणार होते. ४८ पैकी ३७ महिने उरले होते, म्हणून कपात ₹३,७००. नळाच्या दुरुस्तीचे ₹६५०. यादीवर दोघांच्या सह्या झाल्या. एकूण ₹४,३५०, म्हणजे ₹२०,००० च्या आत, त्यामुळे किल्ल्या देताना ₹८०,००० पूर्ण गेले. सात दिवसांत ₹१२,६५० गेले, कारण वीजबिलासाठी ₹३,००० राखले होते. बिल ₹१,२८० आले आणि उरलेले ₹१,७२० नंतर गेले. नखाएवढ्या खिळ्यांच्या भोकांवरून थोडी बोलाचाली झाली. पुतण्याला ते नुकसान वाटत होते, तरुणाला झीज. कलमात त्याचे उत्तर नव्हते. शेवटी पुतण्याने सोडून दिले. पुढच्या करारासाठी परिशिष्ट १ मध्ये आता एक ओळ वाढवली आहे : प्रत्येक खोलीत किती खिळे चालतील, त्याची संख्या.

या कलमाच्या हातात काय नाही, तेही सांगायला हवे. मालकाने पैसे द्यायचेच नाहीत असे ठरवले, तर कितीही स्वच्छ वाक्य त्याच्या खात्यातून रक्कम काढू शकत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची सोपी वाट मालकाच्या ताब्यासाठी आहे, अनामत परत मिळवण्यासाठी नाही. परवानाधारकाला आधी नोटीस आणि मग दिवाणी न्यायालय हीच वाट उरते, आणि रक्कम देय झाल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो. फरक एवढाच पडतो, की नोटिशीत लिहायची प्रत्येक गोष्ट, ताब्याची तारीख, सही केलेली यादी, देय रक्कम, व्याज सुरू झाल्याचा दिवस, आधीच कागदावर असते आणि समोरच्याच्या सहीने असते.